पायलटला ‘फरक आहे का’ विचारू नका, ‘किती’ ते विचारा

आजचा विषय तसा छोटा आहे. मोठी क्लिनिकल ट्रायल हाती घेण्याआधी ती पार पडण्यासारखी आहे का, हे बघायला आपण एक लहान पायलट करतो. त्या पायलटच्या विश्लेषण आराखड्यात भरती आणि टिकाव यांच्याबद्दल काय लिहावं, एवढंच आज बघायचं आहे. भरती म्हणजे किती लोक ट्रायलमध्ये यायला तयार झाले आणि किती वेगानं आले. टिकाव म्हणजे आलेल्यांपैकी किती जण शेवटच्या तपासणीपर्यंत राहिले.

टीका करायची तर समोर मजकूर हवा. म्हणून एक उदाहरण घेतो. उदाहरण आणि त्यातले आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यातली वाक्यं एथिक्स कमिटीपुढे येणारे आराखडे वाचणाऱ्यांना ओळखीची वाटतील.

समजा, क्षयरोगाचे उपचार पूर्ण झाले, जंतू गेले, पण दम लागणं राहिलं, अशा रुग्णांसाठी घरी करायच्या व्यायामाचा कार्यक्रम तपासायचा आहे. एका गटाला कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. मराठवाड्यातली दोन केंद्रं, एक जिल्ह्याच्या गावी आणि एक तालुक्याला. सहा महिने भरती. मुख्य मोजमाप बाराव्या आठवड्याला: सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो. आराखड्यात लिहिलंय:

“दोन गटांतील टिकावाची तुलना फिशरच्या एक्झॅक्ट चाचणीने केली जाईल व पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी असल्यास फरक लक्षणीय मानला जाईल. एकूण टिकाव ८० टक्के किंवा अधिक असल्यास पायलट यशस्वी मानला जाईल. भरतीचा वेग दरमहा सरासरीने दिला जाईल.”

तीन वाक्यं. तिन्ही वाचायला नीटनेटकी आहेत आणि तिन्ही आपल्याला कामाचं काही सांगत नाहीत. का, ते एकेक करून बघू.

पहिलं वाक्य: गटांची तुलना

पायलट झाला असं धरा. ४८ जण दाखल झाले, प्रत्येक गटात २४. व्यायामाच्या गटातले २१ जण बाराव्या आठवड्याला आले, नेहमीच्या सल्ल्याच्या गटातले १८. म्हणजे ८७.५ टक्के आणि ७५ टक्के. फिशरची चाचणी केली तर पी-मूल्य येतं ०.४६. अहवालात वाक्य उतरतं, ‘दोन्ही गटांच्या टिकावात लक्षणीय फरक आढळला नाही.’ आणि वाचणारा त्याचा अर्थ लावतो की फरक नाही, पुढे जायला हरकत नाही.

आता तीच माहिती अंतराल म्हणून मांडू. दोन गटांतला फरक साडेबारा टक्केबिंदूंचा. न्यूकॉम्बच्या पद्धतीनं त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल काढला, तर तो उणे १० ते अधिक ३४ टक्केबिंदू असा येतो. म्हणजे या माहितीशी काय काय जुळतं बघा. नेहमीच्या सल्ल्याच्या गटातून तिसऱ्या हिश्शाइतके लोक जास्त गळत असतील, हेही जुळतं. उलट व्यायामाच्याच गटातून थोडे जास्त गळत असतील, हेही जुळतं. एका गटातून तिसरा हिस्सा जास्त गळणं हे मुख्य ट्रायलच्या मुळावर येणारं आहे, कारण राहिलेल्यांची तुलना मग सारख्याला सारखी राहत नाही. पी-मूल्यानं ही शक्यता झाकून टाकली. अंतरालानं ती उघडी ठेवली.

यात फिशरच्या चाचणीचा काही दोष नाही. तिला विचारलेला प्रश्नच इथला नव्हता. परिकल्पना-चाचणी विचारते, ‘फरक शून्य असता तर असा निकाल कितपत आश्चर्याचा ठरला असता?’ २४-२४ माणसांच्या गटांत बहुतेक कशाचंच आश्चर्य वाटत नाही. चालण्याच्या अंतराची तुलनाही पायलटमध्ये याच कारणानं तोकडी पडते. कॉन्सॉर्ट निवेदनाची पायलट आणि फीजिबिलिटी ट्रायल्ससाठीची पुरवणी २०१६ मध्ये सँड्रा एल्ड्रिज आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. परिणामकारकतेची औपचारिक परिकल्पना-चाचणी पायलटमध्ये करू नये, असाच तिचा रोख आहे. लँकेस्टर, डॉड आणि विल्यमसन यांनी २००४ मध्येच सांगितलं होतं की पायलटचं विश्लेषण मुख्यतः वर्णनात्मक असावं आणि अंतरालांच्या भाषेत असावं.

गंमत अशी की ही सूचना बरेच जण अर्धी पाळतात. परिणामकारकतेवरची चाचणी काढतात आणि टिकावावर तीच आणून बसवतात. पण ४८ माणसं तीच आहेत. चालण्याच्या अंतरासाठी जी संख्या अपुरी, ती गळतीच्या तुलनेसाठी एकाएकी पुरेशी कशी होईल?

दुसऱ्या वाक्याच्या आधी: छेदात कोण?

‘एकूण टिकाव ८० टक्के.’ कशाचे ८० टक्के? हे वाक्यात नाही, आणि अंतरालाचं सूत्र कितीही चांगलं निवडलं तरी ही उणीव भरून निघत नाही.

आपल्या उदाहरणात ४८ पैकी ३९ आले, म्हणजे ८१ टक्के. पण समजा, चार जणांनी नाव नोंदवलं, चिठ्ठीनुसार गट मिळाला, आणि पहिल्या सत्रालाही ते आले नाहीत. अहवाल लिहिताना कुणी म्हणालं, ‘हे खरे सहभागी नव्हतेच, वगळू या.’ झालं, ४४ पैकी ३९, म्हणजे जवळजवळ ८९ टक्के. एकही माणूस जास्त आला नाही आणि टिकाव सुमारे सात टक्केबिंदूंनी वाढला.

म्हणून आराखड्यात आधी शब्दांत लिहायचं: छेदात गट मिळालेला प्रत्येक जण, मग तो पहिल्या सत्राला आला असो वा नसो. ज्यांचा मृत्यू झाला तेही छेदात, फक्त त्यांचा आकडा वेगळा दाखवायचा. अंशात तो, ज्याची सहा मिनिटांची चालण्याची तपासणी बाराव्या आठवड्याच्या दोन आठवडे अलीकडे-पलीकडे झाली. फोनवर ‘बरं आहे’ म्हणालेला माणूस अंशात येणार नाही, कारण फोनवरून चालणं मोजता येत नाही. फोनवर किती सापडले, हा आकडा उपयोगाचा आहे, तो वेगळ्या ओळीत द्यावा.

भरतीलाही हेच लागू. तपासणीत १४० रुग्ण पाहिले, ८० पात्र ठरले, ४८ नी संमती दिली. ४८ भागिले ८० म्हणजे ६० टक्के, ४८ भागिले १४० म्हणजे ३४ टक्के. पहिला आकडा सांगतो, लोकांना आपली ट्रायल पटते का. दुसऱ्यात आपल्या पात्रतेच्या अटी किती कडक आहेत, तेही मिसळलेलं असतं. दोन्ही हवेत, पण कुठला कुठला ते आधी लिहिलेलं हवं.

दुसरं वाक्य: ८० टक्क्यांची रेघ

छेद ठरला. ४८ पैकी ३९, ८१ टक्के, रेघ ८० ची. पायलट यशस्वी. पण एक माणूस कमी आला असता, त्या दिवशी एखाद्याची एसटी चुकली असती, तर ४८ पैकी ३८, म्हणजे ७९ टक्के. पायलट अयशस्वी. एका एसटीवर मुख्य ट्रायलचं भवितव्य टांगायचं का?

म्हणून ८१ या एका आकड्याऐवजी त्याचा अंतराल बघायचा. इथे एक तांत्रिक फाटा आहे. पुस्तकात पहिल्यांदा जे साधं सूत्र शिकवतात, प्रमाण अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाण-त्रुटी, त्याला वॉल्ड अंतराल म्हणतात. ते सूत्र हाती आलेलं प्रमाण हेच खरं मानून त्यावरून पसारा मोजतं. टिकाव १०० टक्क्यांच्या जवळ असला आणि माणसं थोडी असली की त्याचा पाय घसरतो. २४ पैकी २४ जण आले तर वॉल्ड म्हणतो, अंतराल १०० ते १००. म्हणजे शंकेला जागाच नाही. हे कुणालाही पटणार नाही.

एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये दिलेली पद्धत उलट्या बाजूनं विचार करते. खरं प्रमाण किती असतं तर आपल्याला मिळालेली संख्या फारशी आश्चर्याची वाटली नसती? अशी सगळी प्रमाणं म्हणजे अंतराल. २४ पैकी २४ साठी ती ८६ ते १०० सांगते. ४८ पैकी ३९ साठी सांगते ६८ ते ९०. आराखड्यात पद्धतीचं नाव लिहायचंच, आणि जमलं तर आज्ञाही. पडद्यावर आहे ती आर या संगणक-भाषेतली:

```r
prop.test(39, 48, correct = FALSE)$conf.int
poisson.test(48, T = 12)$conf.int
```

पहिल्या ओळीत `correct = FALSE` लिहिलं नाही, तर तुम्हाला सांतत्य-दुरुस्ती केलेला, थोडा रुंद अंतराल मिळतो. चूक नाही, पण तो वेगळा आहे. दुसरी ओळ भरतीच्या वेगाची, तिच्याकडे थोड्या वेळानं येऊ.

तर ६८ ते ९०. आता काय ठरवायचं? इथेच बहुतेक आराखडे थांबतात. अंतराल छापतात आणि निर्णय मात्र ८१ वरच घेतात. अंतराल मग शोभेपुरता राहतो. निर्णय अंतरालाच्या टोकांना बांधायचा असेल तर दोन रेघा हव्यात, आणि त्या मुख्य ट्रायलच्या हिशेबातून याव्यात.

समजा, मुख्य ट्रायलला २४० जणांची शेवटची तपासणी हवी आहे. टिकाव ८० टक्के असेल तर ३०० जण दाखल करावे लागतील, आणि मागितलेल्या निधीत ते बसतं. टिकाव ६५ टक्के असेल तर ३७० लागतील. तिथे निधी संपतो, आणि तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांचं मोजमापच नसेल तर निकालावर कुणी विश्वासही ठेवणार नाही. म्हणून ८० ही हवीशी रेघ आणि ६५ ही परवडत नाही अशी रेघ.

मग नियम असा. अंतरालाचं खालचं टोक ६५ च्या वर असेल तर पुढे जायचं. वरचं टोक ८० च्या खाली असेल तर आहे त्या स्वरूपात थांबायचं. अंतरालात दोन्ही रेघा येत असतील तर गळतीची कारणं शोधून पद्धत सुधारायची. ४८ माणसांसाठी हे आधीच मोजून ठेवता येतं: ३८ किंवा जास्त आले तर पुढे, ३३ ते ३७ आले तर सुधारणा, ३२ किंवा कमी आले तर थांबा. हे तीन आकडे पहिला रुग्ण दाखल होण्याआधी कागदावर असले पाहिजेत.

आता तुमच्यातला जाणकार म्हणेल, ‘अहो, खालचं टोक ६५ च्या वर हवं म्हणजे एकतर्फी परिकल्पना-चाचणीच झाली की! नाव बदललंत फक्त.’ आक्षेप खरा आहे, तो टाळू नये. गणितात दोन्ही एकच आहेत. ३७ आणि ३८ च्या मध्येही एक रेघ आहेच, आणि एसटी तिथेही चुकू शकते. पण फरक तीन ठिकाणी पडतो. एक म्हणजे, रेघ शून्य फरकाची किंवा सवयीची नाही, आपल्या हिशेबातून आलेली आहे. दुसरं, रेघेच्या अलीकडे ‘अयशस्वी’ नाही, तर ‘सुधारणा’ आहे, आणि ती पाच माणसांइतकी रुंद आहे. तिसरं, चाचणी हो किंवा नाही म्हणून संपते. अंतराल निर्णयानंतरही कामाला येतो, कारण त्याची दोन्ही टोकं पुढच्या अंदाजपत्रकात जातात.

या नियमाची किंमतही सांगायला हवी. खरा टिकाव नेमका ८० टक्के असला, तरी ४८ पैकी ३८ किंवा जास्त येण्याची शक्यता चौसष्ट टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे चांगली ट्रायलही बऱ्याचदा ‘सुधारणा’ या रकान्यात पडेल. ते नको असेल तर माणसं वाढवावी लागतील. पण ८० टक्क्यांभोवती अंतराल अधिक-उणे पाचचा हवा म्हटलं तर जवळपास २५० माणसं लागतात. तो पायलट राहत नाही, मुख्य ट्रायलच होते. म्हणून पायलटची संख्या ठरवताना आराखड्यात असं लिहावं: ‘४८ जणांमध्ये टिकाव ८० टक्क्यांजवळ आला, तर अंतराल दोन्ही बाजूंना सुमारे ११ टक्केबिंदूंचा असेल, आणि वरील तीन निर्णयांसाठी तो पुरेसा मानला आहे.’ ‘पायलट असल्याने संख्येची गणना केली नाही’ या वाक्यापेक्षा हे वाक्य कितीतरी प्रामाणिक आहे.

तिसरं वाक्य: भरतीची सरासरी

दोन केंद्रं, सहा महिने, म्हणजे १२ केंद्र-महिने. ४८ जण आले. एका केंद्राला महिन्याला ४. आराखड्यातलं तिसरं वाक्य इथे संपतं. इथे टक्केवारी नाही, ठरावीक काळातली मोजणी आहे. म्हणून पॉयसाँ वितरणाचा अंतराल घ्यायचा, पडद्यावरची दुसरी ओळ. उत्तर येतं २.९५ ते ५.३०.

मुख्य ट्रायल सहा केंद्रांवर करायची आहे असं धरा. ८१ टक्के टिकावानं २९६ जण दाखल करायचे. महिन्याला ४ च्या हिशेबानं वर्षभर लागेल. आता दोन्ही अंतरालांची वाईट टोकं एकदम घ्या: टिकाव ६८ टक्के आणि भरती २.९५. दाखल करायचे होतात सुमारे ३५३, आणि लागतात वीस महिने. दोन्ही गोष्टी एकाच वेळी इतक्या बिघडतील, हे जरा जास्तच निराशेचं गणित आहे. तरी निधी मागताना वर्ष आणि वीस महिने यांतला फरक माहीत असलेला बरा.

पण इथे अंतरालावरही टीका करायला हवी, नाहीतर आपण एका देवाला हटवून दुसरा बसवला असं होईल. समजा, ४८ पैकी ३४ जण जिल्ह्याच्या केंद्रावर आले आणि १४ तालुक्याला. म्हणजे महिन्याला ५.७ आणि २.३. एकत्र अंतराल होता २.९५ ते ५.३०. दोन्ही केंद्रं त्याच्या बाहेर आहेत! असं कसं? कारण पॉयसाँचं सूत्र धरून चालतं की दोन्हीकडे वेग मुळात एकच आहे आणि वरखाली झालं ते योगायोगानं. ते गृहीतच इथे टिकत नाही. केंद्रवार अंतराल काढले तर एक ३.९ ते ७.९ येतो आणि दुसरा १.३ ते ३.९, जेमतेम टोकाला टोक लागतं. पुढची सहा केंद्रं तालुक्यासारखी निघाली तर २९६ जणांना एकवीस महिने लागतील, आणि जिल्ह्यासारखी निघाली तर नऊ. हा फरक दोन केंद्रांच्या पायलटमधून कुठलंही सूत्र काढून देणार नाही. म्हणून आराखड्यात एकत्र अंतरालाबरोबर केंद्रवार अंतराल आधीच लिहून ठेवायचे, आणि ते एकमेकांपासून दूर असतील तर एकत्र आकड्यावर वेळापत्रक बांधणार नाही, हेही लिहायचं.

दुसरी मर्यादा काळाची. बीड-जालन्याकडची अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या माणसाचा बारावा आठवडा नेमका निघण्याच्या दिवसांत येतो. पायलटची भरती फेब्रुवारी ते जुलै झाली असेल तर टिकावाचा ६८ ते ९० हा अंतराल त्या महिन्यांपुरता बोलतो. विश्वास-अंतराल फक्त नमुन्यातला योगायोग मोजतो. हंगाम, रस्ते, केंद्रावरची बदलून गेलेली समन्वयक, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे भरती आणि गळती महिनावार मांडायची आणि प्रत्येक गळतीपुढे कारण लिहायचं. नऊ जणांची नऊ कारणं वाचायला दहा मिनिटं लागतात.

आता तीच तीन वाक्यं

शेवटी तो परिच्छेद पुन्हा लिहू:

“टिकाव म्हणजे गट मिळालेल्या सर्वांपैकी, १० ते १४ आठवड्यांदरम्यान चालण्याची तपासणी पूर्ण झालेल्यांचे प्रमाण, ते विल्सनच्या ९५ टक्के अंतरालासह एकूण व गटवार दिले जाईल, आणि गटांतील फरक न्यूकॉम्बच्या अंतरालासह. एकूण अंतरालाचे खालचे टोक ६५ टक्क्यांच्या वर असल्यास मुख्य ट्रायलकडे जाऊ; वरचे टोक ८० च्या खाली असल्यास सध्याच्या स्वरूपात थांबू; अन्यथा गळतीच्या कारणांनुसार पद्धत सुधारू. भरतीचा वेग प्रति केंद्र-महिना, पॉयसाँ अंतरालासह, एकत्र व केंद्रवार दिला जाईल, आणि या अंतरालांच्या टोकांवरून मुख्य ट्रायलची संख्या व कालावधी मांडला जाईल. परिकल्पना-चाचण्या केल्या जाणार नाहीत.”

लांबी वाढली, पण हे वाचून दोन वेगवेगळी माणसं एकाच माहितीवरून एकाच निर्णयाला येतील. पहिला परिच्छेद वाचून एक जण ४८ नं भागला असता, दुसरा ४४ नं, आणि दोघंही आपण आराखडा पाळला असंच म्हणाले असते. तुमच्याकडे आत्ता लिहिलेला एखादा आराखडा असेल, तर पायलटची संख्या घेऊन ‘किती आले तर पुढे, किती आले तर थांबा’ हे तीन आकडे त्यातून काढून बघा. निघाले नाहीत, तर तो अजून लिहून व्हायचा आहे.

आता प्रश्न घेऊ या.